दोन सहशिक्षकांतील वाद आणि मुख्याध्यापकाची तटस्थता

खेड्यातील प्राथमिक शाळेत शिक्षकांची संख्या तीन-चारांहून अधिक क्वचितच असते. अशा शाळेत दोन सहशिक्षकांमध्ये वाद निर्माण झाला, म्हणजे शाळेचा अर्धा कारभार थांबल्यासारखा होतो. मोठ्या कचेरीत दोन कर्मचाऱ्यांचे पटले नाही, तर एकाचे टेबल दुसऱ्या खोलीत हलविता येते. येथे ती सोय नाही. तिसरीची मुले पुढील वर्षी चौथीत जावयाची असतात, आणि तिसरीच्या शिक्षकाने चौथीच्या शिक्षकाशी बोलणे सोडले, तर त्या अबोल्याची किंमत मुलांना मोजावी लागते.

अशा वेळी मुख्याध्यापकाची स्थितीही नाजूक असते. लहान शाळेत तो बहुधा ज्येष्ठ शिक्षकच असून मुख्याध्यापकपदाचा केवळ प्रभार सांभाळीत असतो. कोणाला शिक्षा करण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. वरिष्ठांकडे अहवाल पाठविणे एवढेच त्याच्या हाती असते, आणि तो पाठविला की शाळेतील संबंध पूर्ववत होण्याची आशा बरीच कमी होते. त्यामुळे दोन्ही पक्षांचा त्याच्यावर असलेला विश्वास हेच त्याचे खरे साधन होय. ते साधन कसे वापरावे व ते कोठे निकामी होते, हे पुढील उदाहरणावरून स्पष्ट होईल.

वादाचा प्रारंभ

समजा, पहिली ते चौथीपर्यंतची एक शाळा आहे. पट शंभराच्या आसपास आणि शिक्षक चार. प्रभारी मुख्याध्यापक दुसरीचा वर्ग घेतात. तिसरीचा वर्ग एका शिक्षिकाबाईंकडे व चौथीचा एका गुरुजींकडे आहे. जून महिन्यात शाळा उघडल्यावर गुरुजींनी नव्या चौथीतील २६ मुलांना वजाबाकीची दहा उदाहरणे घातली. १७ मुलांची बहुतेक उदाहरणे चुकली. त्याच आठवड्यात शाळा व्यवस्थापन समितीची सभा होती. तीत एका पालकाने मुलाच्या प्रगतीविषयी विचारताच गुरुजी बोलून गेले, "तिसरीत वर्षभर काय शिकविले कोणास ठाऊक! मुलांना साधी वजाबाकी येत नाही."

बाई त्या सभेस उपस्थित नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणवठ्यावरून आलेल्या एका पालकाकडून त्यांना हे वाक्य कळले, आणि कळले ते थोडे वाढूनच. त्या दिवसापासून त्यांनी गुरुजींशी बोलणे बंद केले. मागील वर्षाची तिसरीची मूल्यमापन नोंदवही गुरुजींनी मागितली, तेव्हा ती कपाटात असूनही "सापडत नाही" असा निरोप गेला. आठवड्याभरात दोन्ही वर्गांतील देवाणघेवाण मुलांच्या हातून जाणाऱ्या चिठ्ठ्यांवर आली. खडूची पेटी, हजेरीपट, परिपाठाची पाळी, सगळ्यांसाठी चिठ्ठी.

वाद शिक्षकांपुरता राहिलेला नाही हे ओळखण्याची खूण हीच होय. ज्या दिवशी मूल दोन मोठ्या माणसांमधील निरोप्या होते, त्या दिवशी मुख्याध्यापकाने "आपोआप निवळेल" ही आशा सोडावी.

पहिला दिवस: निर्णय नव्हे, शब्द

बाईंनी मुख्याध्यापकांकडे तक्रार केली, तेव्हा त्या रडवेल्या झाल्या होत्या. अशा क्षणी सहानुभूतीने "त्यांचे चुकलेच" असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु मुख्याध्यापकाच्या तोंडून निघालेले असे अर्धे वाक्य दुपारपर्यंत दुसऱ्या पक्षाच्या कानी पडते, आणि पुढे कितीही न्यायाने वागले तरी ते पुसता येत नाही. तसेच "सोडून द्या हो, एवढे काय मनावर घेता" हे म्हणणेही तटस्थपणाचे नव्हे. त्यामुळे दुखावलेल्या माणसाच्या पदरी उपेक्षा मात्र पडते.

येथे मुख्याध्यापकांनी दोघांनाही त्याच दिवशी, एकाच शब्दांत सांगितले, "मी दोघांचेही ऐकून घेणार आहे. उद्या शाळा सुटल्यावर आधी बाईंचे, नंतर गुरुजींचे, प्रत्येकी अर्धा तास. तोपर्यंत हा विषय पालकांपुढे किंवा मुलांपुढे कोणीही काढू नये." आधी कोणाचे ऐकणार हे दोघांनाही अगोदर ठाऊक असावे व दोघांचे ऐकणे एकाच दिवशी व्हावे. एकाचे आज व दुसऱ्याचे चार दिवसांनी ऐकले, तर मधल्या चार दिवसांत पहिल्याचीच बाजू गावभर खरी ठरलेली असते.

ह्या ठिकाणी मुख्याध्यापकांना आणखी एक गोष्ट करावी लागली, आणि ती अवघड होती. ते व गुरुजी तालुक्याच्या गावाहून रोज एकाच मोटारसायकलवरून शाळेत येत असत. मनात पक्षपात नसला, तरी तो दिसत होता. म्हणून त्यांनी बाईंना आपण होऊन सांगितले, "गुरुजी आणि मी रोज बरोबर येतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. हा विषय संपेपर्यंत वाटेत आम्ही ह्याबद्दल बोलणार नाही, असे मी त्यांनाही सांगितले आहे. तरीही माझ्याकडून न्याय होणार नाही असे वाटत असेल, तर केंद्रप्रमुखांना हे काम करावयास सांगू." बाईंनी थोडा विचार करून संमती दिली. ही विचारणा झाली नसती, तर पुढील प्रत्येक निर्णयावर त्या मोटारसायकलची सावली पडली असती.

वेगवेगळे ऐकणे

दोघांनाही तेच तीन प्रश्न विचारण्यात आले. तुम्ही स्वतः काय पाहिले किंवा ऐकले? त्यामुळे तुमच्या कामात काय अडले? ह्यापुढे काय व्हावे असे तुम्हांला वाटते? पहिल्या प्रश्नातील "स्वतः" हा शब्द महत्त्वाचा आहे. बाईंनी सांगितले की, गुरुजींनी त्यांना "कामचुकार" म्हटले. "हे आपण ऐकलेत काय?" असे विचारता तो शब्द पालकाचा असल्याचे त्यांच्याच ध्यानात आले. ऐकीव गोष्ट बाजूला पडली, तरी सभेतील मूळ वाक्य उरलेच, आणि ते लागण्याजोगे होते.

मुख्याध्यापकांनी प्रत्येकाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहून घेतले व शेवटी वाचून दाखविले. नंतर विचारले, "ह्यांतील कोणती गोष्ट दुसऱ्या बाजूस सांगितलेली चालेल, आणि कोणती नाही?" बाईंनी एक वाक्य वगळावयास सांगितले. त्या म्हणाल्या की, मागील वर्षी घरी आजारपण होते, त्या काळात आपले लक्ष थोडे उडालेले होते. ते वाक्य मुख्याध्यापकांनी वहीतून खोडले व पुढे कधीही उच्चारले नाही. मात्र अशा गुप्ततेलाही मर्यादा असते, व ती बोलणे सुरू होण्यापूर्वीच सांगावी. मुलांना इजा पोचेल असे काही कळले, तर ते झाकून ठेवण्याचे वचन मुख्याध्यापकाने देऊ नये.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे पाहण्याजोगी होती. बाईंना लेखी माफी हवी होती. गुरुजींना नोंदवही हवी होती, आणि "चौथीचा निकाल वाईट लागला तर दोष माझ्या माथी येऊ नये" असे त्यांना वाटत होते. म्हणजे एकीला गावातील आपल्या नावाची काळजी व दुसऱ्याला वर्षअखेरच्या निकालाची. वजाबाकीविषयी दोघांचे भांडण मुळात नव्हतेच.

वस्तुस्थितीची तपासणी

तरीही वजाबाकीचा प्रश्न टाळणे योग्य झाले नसते. "मुलांना येत नाही" आणि "मी सर्व शिकविले आहे" ही दोन्ही विधाने तपासून पाहण्याजोगी होती. तपासण्याची रीत मात्र दोघांनाही तपासणीपूर्वीच मान्य असावी लागते. निकाल हाती आल्यावर "कसोटीच चुकीची होती" असे म्हणण्यास जागा राहू नये, हा त्यातील हेतू.

मुख्याध्यापकांनी दहा उदाहरणांचा एक कागद तयार करून दोघांच्या मान्यतेने कायम केला. त्यात तीन उदाहरणे बिनहातच्याची, चार एकदाच हातचा घ्यावा लागेल अशी, आणि तीन मध्ये शून्य असलेली, जशी ४०२ वजा १६७, अशी होती. उदाहरणे मुख्याध्यापकांनी स्वतः घातली. मुलांना ती नेहमीच्या सरावासारखीच वाटली. आपल्यावरून काही चालले आहे ह्याचा त्यांना पत्ता लागू दिला नाही. कागद दोन्ही शिक्षकांनी एकत्र बसून तपासले.

२६ पैकी २५ मुलांना बिनहातच्याची वजाबाकी येत होती. एकदाच हातचा घ्यावयाची उदाहरणे १९ जणांनी बरोबर सोडविली. मध्ये शून्य असलेली उदाहरणे मात्र केवळ ९ जणांची बरोबर आली. बाकीच्यांपैकी पुष्कळांनी ४०२ वजा १६७ ह्याचे उत्तर २३५ ऐवजी ३६५ काढले होते. म्हणजे प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला होता. गुरुजींच्या पहिल्या चाचणीतील दहांपैकी सहा उदाहरणे ह्याच प्रकारची होती, हेही तेव्हाच दिसून आले.

त्यानंतर मागील वर्षाचे वार्षिक नियोजन व शिक्षकांची हजेरी पाहण्यात आली. हा घटक ज्या पंधरवड्यात घ्यावयाचा होता, त्याच सुमारास बाई मतदार यादीच्या कामावर १६ दिवस बाहेर होत्या. त्या दिवसांत तिसरीची मुले दुसरीच्या वर्गात, म्हणजे खुद्द मुख्याध्यापकांच्या वर्गात, बसविलेली होती. त्यांना सांभाळले गेले. पण तो घटक कोणी शिकविला नाही, आणि राहिला आहे अशी नोंदही कोणी केली नाही. परत आल्यावर बाईंनी पुढील घटक सुरू केला.

येथे मुख्याध्यापकाच्या तटस्थतेची खरी परीक्षा होते. दोन सहशिक्षकांमधील वादाचे एक मूळ आपल्याच व्यवस्थेत आहे असे आढळले, तर ते झाकून ठेवून न्यायनिवाडा करता येत नाही. ह्या मुख्याध्यापकांनी ते पान झाकले नाही.

समोरासमोर बैठक

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बैठक झाली. समितीचे अध्यक्ष व उरलेले सहशिक्षक ह्यांना बोलाविले नव्हते. प्रेक्षक असले की माणूस माघार घेण्यास तयार होत नाही. मुख्याध्यापक टेबलामागे बसले नाहीत. तिघांनी वर्गातील सारख्या खुर्च्या मांडल्या, आणि कोणीही कोणाच्या शेजारी येणार नाही अशा बेताने त्या ठेवल्या.

प्रारंभी मुख्याध्यापकांनी स्वतःची चूक सांगितली. "१६ दिवस वर्ग माझ्याकडे होता. त्या काळात काय राहिले, हे बाईंना लिहून देणे माझे काम होते. ते मी केले नाही." ह्या दोन-तीन वाक्यांनी खोलीतील ताण पुष्कळसा उतरला, कारण दोषाचे ओझे एकाच्या माथ्यावरून उतरून दुसऱ्याच्या माथी जाण्याची भीती त्यामुळे कमी झाली.

नंतर त्यांनी एक नियम घातला. उत्तर देण्यापूर्वी प्रत्येकाने दुसऱ्याची तक्रार आधी आपल्या तोंडून सांगावयाची, आणि तिने किंवा त्याने "होय, हेच माझे म्हणणे" असे म्हटल्यावरच पुढे बोलावयाचे. गुरुजींना हे दोनदा करावे लागले. पहिल्यांदा ते म्हणाले, "बाईंना वाटते की मी चाचणी घेऊ नये." बाईंनी मान हलविली. दुसऱ्या खेपेस ते थांबून म्हणाले, "चाचणीबद्दल नव्हे. जे मला आधी विचारावयास हवे होते, ते तुम्ही गावापुढे बोललात, असे त्यांचे म्हणणे आहे." तेव्हा बाई "होय" म्हणाल्या. त्यांच्या पाळीला त्यांनी गुरुजींची निकालाविषयीची काळजी एकाच वाक्यात नीट सांगितली.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. तटस्थता ही व्यक्तींच्या बाबतीत असते, कृतींच्या बाबतीत नव्हे. वाद मिटविण्याच्या घाईने "दोघांचेही थोडे थोडे चुकले" असे म्हणून दोष अर्धा अर्धा वाटून देणे, हा सोपा मार्ग दिसतो. पण ज्याचा दोष कमी असतो त्याच्यावर तो अन्याय होतो, आणि तो ते विसरत नाही. ह्या मुख्याध्यापकांनी प्रत्येक कृतीविषयी स्वतंत्रपणे सांगितले. मुलांची चाचणी घेणे योग्य होते. तिचा निष्कर्ष सहकाऱ्याला न विचारता पालकांपुढे मांडणे अयोग्य होते. त्या बोलण्याने दुखावणे स्वाभाविक होते. नोंदवही अडवून ठेवणे अयोग्य होते, कारण ती शिक्षकाची नसून शाळेची असते.

काय ठरले

लेखी माफीस गुरुजी तयार नव्हते, आणि मुख्याध्यापकांनीही तिचा आग्रह धरला नाही. दबावाने लिहून घेतलेली माफी कपाटात राहते आणि राग मनात. परंतु जे बोलणे सभेत झाले, त्याची दुरुस्तीही सभेतच व्हावयास हवी, ही बाईंची अपेक्षा न्याय्य होती. तेव्हा पुढील पाच गोष्टी एका कागदावर लिहिण्यात आल्या. बाईंनी मूल्यमापन नोंदवही सोमवारी सकाळी द्यावी. गुरुजींनी समितीच्या पुढील सभेत चाचणीची खरी स्थिती सांगावी व आपले पूर्वीचे विधान बरोबर नव्हते असे म्हणावे. त्याच सभेत मुख्याध्यापकांनी १६ दिवसांची हकीकत सांगावी. शून्य असलेली वजाबाकी न येणाऱ्या १७ मुलांसाठी तीन आठवडे रोज अर्धा तास ठेवावा. त्यात दशकांचे गठ्ठे व सुट्या काड्या घेऊन बाईंनी शिकवावे, आणि तेवढा वेळ त्यांच्या तिसरीच्या वर्गाकडे गुरुजींनी पाहावे. ह्यापुढे कोणताही शिक्षक शाळाबाह्य कामावर गेल्यास, राहिलेल्या घटकांची नोंद मुख्याध्यापकांनी त्याच्या टाचणवहीत करावी.

प्रत्येक गोष्टीत कोणी, काय व केव्हा करावयाचे हे स्पष्ट होते. "ह्यापुढे सलोख्याने वागावे" असे वाक्य त्यात नव्हते, कारण ते पाळले गेले किंवा नाही हे कोणालाही तपासता येत नाही.

पंधरा दिवसांनी मुख्याध्यापकांनी दोघांना पुन्हा वेगवेगळे विचारले. नोंदवही मिळाली होती, अर्ध्या तासाचा वर्ग चालू होता. चिठ्ठ्या मात्र अधूनमधून जात होत्या. करार शब्दशः पाळला जात असून मुलांच्या हातून निरोप जात असतील, तर काम अपुरे राहिले असे समजावे. मुख्याध्यापकांनी परिपाठानंतर पाच मिनिटे सर्व शिक्षकांनी एकत्र उभे राहून त्या दिवसाच्या कामाचे बोलावे अशी पद्धत सुरू केली. महिनाअखेर चिठ्ठ्या थांबल्या. दोघे स्नेही झाले असे नव्हे. परंतु जुलैअखेर पुन्हा तेच प्रकार देऊन उदाहरणे घातली, तेव्हा १७ पैकी १३ मुलांना ती आली, आणि हे बाईंना सांगावयास गुरुजी आपण होऊन गेले.

जेथे मध्यस्थी करू नये

वरील रीत सर्व वादांना लागू नाही. बालकावरील लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय आला, तरी २०१२ च्या बालसंरक्षण कायद्याप्रमाणे पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. तेथे शाळेत बैठक घेणे हाच गुन्ह्याकडे डोळेझाक करण्याचा प्रकार होय. मुलांना मारहाण करणे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने निषिद्ध आहे. एका शिक्षकाने दुसऱ्यावर तसा आरोप केल्यास तो आपसांत मिटवावयाचा नसून वरिष्ठांना कळवावयाचा असतो. शिक्षिकेची छेडछाडीची तक्रार २०१३ च्या कायद्यानुसार नेमलेल्या समितीकडेच गेली पाहिजे. पोषण आहाराचे धान्य किंवा शाळेचे पैसे ह्यांच्या अपहाराचा आरोपही ह्याच वर्गातला. अशा प्रसंगी "दोघांनाही समजावले" असे म्हणणारा मुख्याध्यापक तटस्थ ठरत नाही. तो बलवानाच्या बाजूस गेलेला असतो.

आणि वादात मुख्याध्यापक स्वतःच एक पक्ष असेल, तर त्याने मध्यस्थाची जागा घेऊ नये. वरील उदाहरणात त्यांचा दोष बाजूचा होता, व तो त्यांनी सर्वांआधी सांगितला. म्हणून काम चालले. मुख्य तक्रारच त्यांच्याविरुद्ध असती, तर केंद्रप्रमुखांना बोलाविणे हाच मार्ग होता.

केंद्रातील शिक्षण परिषदेत चर्चेसाठी

१. ह्या उदाहरणात बाईंनी मुख्याध्यापकांच्या मध्यस्थीस नकार दिला असता, तर गुरुजींना ते कोणत्या शब्दांत सांगावे?

२. समितीच्या सभेत गुरुजींनी ठरल्याप्रमाणे विधान केले नाही, तर मुख्याध्यापकांनी प्रथम काय करावे, व अहवाल केव्हा पाठवावा?

३. आपल्या शाळेत मागील वर्षी जे शिक्षक शाळाबाह्य कामावर गेले, त्यांच्या वर्गाचे कोणते घटक राहिले ह्याची नोंद आज कोठे सापडेल?